रिकामा ड्रम: एका सूचनेचं वाचन

आधी मजकूर वाचू.

‘ज्वालाग्राही द्रवपदार्थांच्या रिक्त पिंपांवर कटाई, जोडकाम अथवा उष्णतानिर्मिती करणारी अन्य कोणतीही प्रक्रिया करण्यापूर्वी योग्य ती दक्षता घेण्यात यावी व सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय सदर काम करण्यास सक्त मनाई आहे.’

हा फलक कुठल्याही एका कारखान्यातला नाही. वसई, वालीव, सातिवली, पेल्हार या पट्ट्यातल्या गाळ्यांच्या भिंतींवर ज्या वळणाची मराठी दिसते, त्या वळणाने मी तो जुळवला आहे. तरी तो ओळखीचा वाटेल. अशा फलकांना लेखक नसतो. त्यांना वाचक असतो का, हेही कुणी विचारत नाही. कविता-कादंबरीच्या एकेका शब्दावर आपण पानंच्या पानं लिहितो. पण ज्या मजकुराच्या वाचनावर माणसाचे हातपाय अवलंबून असतात, त्याची समीक्षा होत नाही. इथे ती करून पाहायची आहे. वाक्य अठ्ठावीस शब्दांचं आहे. वाचणारा, समजा, तुळिंजला राहणारा, दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेला, अक्षर लावत वाचणारा आणि भंगाराच्या गाळ्यात गॅस कटर चालवणारा माणूस आहे.

नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की तुळिंज रोड लागतो. चाळी, इमारती आणि त्यांच्या पोटात शिरलेले गाळे ओलांडत पुढे गेलं की महामार्गाच्या बाजूला भंगाराची गोदामं सुरू होतात. रंगाच्या, शाईच्या, गोंदाच्या कारखान्यांतून सुटलेले दोनशे लिटरचे लोखंडी ड्रम इथे येतात. काही धुऊन परत विकले जातात. चेपलेले, गंजलेले ड्रम पत्रा म्हणून किलोवर जातात, आणि अख्खा ड्रम टेम्पोत फार जागा खात असल्यामुळे ते कापून सपाट करतात. झाकण कापायचं, बूड कापायचं, उभा चिरायचा, की झाला पत्रा. कटरच्या ज्योतीने हे काम काही मिनिटांचं असतं. क्वचित कधी ते एका क्षणात संपतं. ड्रमचं बूड सुटून उडतं, आणि ते उडतं तेव्हा समोर बहुधा कापणाराच असतो.

तो ड्रम भरलेला असता, तर त्याच्यावर ज्योत धरण्याची कुणाची हिंमत झाली नसती. तो कापायला घेतला तो रिकामा म्हणून.

‘रिकामा’ या शब्दावर एका माणसाने फार पूर्वी बोट ठेवलं होतं. बेंजामिन ली व्होर्फ हे नाव भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं, पण त्याची नोकरी सहसा कुणाला ठाऊक नसते. एमआयटीतून रसायन अभियांत्रिकी शिकून तो १९१९ साली हार्टफर्डच्या एका आगविमा कंपनीत लागला आणि १९४१मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. कारखाने तपासायचे, आग का लागली ते शोधायचं, हे त्याचं काम. शेवटच्या काही वर्षांत लिहिलेल्या एका निबंधात तो सांगतो, की पेट्रोलचे भरलेले ड्रम ठेवलेल्या जागी लोक जपून वागतात आणि ‘रिकामे’ ड्रम ठेवलेल्या जागी बिडी-सिगारेट ओढतात. धोका मात्र रिकाम्यांत जास्त, कारण त्यांत वाफ असते. त्याचं म्हणणं असं, की ‘रिकामा’ म्हणताना आपण दोन गोष्टी एकदम बोलतो: आतला माल संपला, आणि आता इथे काही उरलं नाही. पहिली गोष्ट खरी असते. माणूस वागतो दुसरीवर.

भाषा विचाराला किती घडवते, यावर व्होर्फच्या मागे पुष्कळ वाद झाले आणि त्याची टोकाची विधानं आज फारसं कुणी धरत नाही. त्या वादात मला शिरायचं नाही. पण ड्रमचं उदाहरण टिकाऊ आहे. मराठीत तर ते जास्तच लागू पडतं. आपल्याकडे ‘रिकामा’ म्हणजे निरुपद्रवी, बिनकामाचा: रिकामा वेळ, रिकामटेकडा, रिकाम्या गप्पा. रिकामपणातून उपद्रव होतो हे सांगणारी एकच म्हण मला आठवते, ती भिंतीला तुंबड्या लावणाऱ्या न्हाव्याची, आणि तिच्यातला उपद्रवही हसण्यावारी नेण्यासारखाच आहे.

आता ड्रमच्या आत काय चाललंय ते पाहू. त्याशिवाय सूचनेतला कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे ठरवता येणार नाही.

रंगाच्या थिनरमध्ये टोल्युइन हा द्रव सर्रास असतो. द्रव स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. टोल्युइनच्या बाबतीत ते प्रमाण साधारण एक टक्क्याच्या थोडं वर सुरू होतं आणि सात टक्क्यांच्या आसपास संपतं. त्याच्या खाली मिश्रण पेटायला फार पातळ, वर फार दाट. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये खालची मर्यादा गाठायला अडीच लिटरच्या आसपास वाफ पुरते. तेवढी वाफ देणारा द्रव किती, तर सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. ड्रम उलटा करून निथळला तरी कडेच्या वळकटीत दोन चमचे राहतातच. मग तळाशी जास्त राहिलं, तर मिश्रण फार दाट होऊन सुटका होईल का? नाही होत. तीस अंशांच्या तापमानात टोल्युइनची वाफ हवेत पाच टक्क्यांच्या आसपासच साठू शकते, त्याहून जास्त नाही. म्हणजे आपल्याकडच्या साध्या दिवशी, थिनर येऊन गेलेला आणि तळाशी थोडं ओल उरलेला ड्रम आपोआप त्या पेटत्या पट्ट्यात येऊन थांबतो. ज्योत लागली की आतली हवा एकदम पेटते, तापते, फुगते, आणि तिला बाहेर पडायला दोन इंची बुचाचं भोक पुरत नाही.

भरलेल्या ड्रममध्ये द्रवाच्या वर हवेला जागाच थोडी. तो पेटलाच तर तोंडाशी जळेल. ते भयंकर आहेच, पण ते बॉम्बसारखं फुटणं नव्हे.

म्हणून सूचनेतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘रिक्त’ आहे, आणि तोच सगळ्यात घातक आहे. ‘रिक्त पिंप’ म्हणताना फलक लिहिणाऱ्याने धोक्याच्या वस्तूला तिच्या निर्धोकपणाचं नाव दिलं. पुढच्या पंचवीस शब्दांनी ते नाव पुसायचा प्रयत्न केला आहे. ते पुसलं जात नाही.

गंमत म्हणजे, ज्या कायद्याच्या नावाने असे फलक लागतात त्या कायद्याने ही चूक केलेली नाही. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३७मध्ये चौथं पोटकलम होतं. स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ ज्यात आहे किंवा पूर्वी होता, अशा टाकीवर वा भांड्यावर, तो पदार्थ आणि त्याचे धूर काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय, उष्णता लावून कापण्या-जोडण्याचं काम करायचं नाही, असा त्याचा आशय. मूळ वाक्य इंग्रजी कायद्याच्या रिवाजाप्रमाणे लांबलचक, गुंतागुंतीचं आहे. पण त्यात ‘रिकामा’ हा शब्द नाही. त्या जागी क्रियापदाचा काळ आहे: ‘आहे किंवा होता’. कायदा लिहिणाऱ्याने ड्रमची आजची अवस्था विचारली नाही, त्याचा इतिहास विचारला. २०१६च्या घातक कचरा नियमांनीही तेच केलं आहे. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं त्यांच्या पहिल्या अनुसूचीत घातक कचरा म्हणूनच नोंदली आहेत. तिथे शब्द ‘रिकामी’ असला तरी ती ‘माखलेली’ आहेत हे सोबत सांगितलं आहे.

मग कायद्यापासून फलकापर्यंत येताना ते ‘होता’ कुठे गळालं? माझ्या मते ते मराठी करताना गळालं. कार्यालयीन मराठीला नाम आवडतं, क्रियापद आवडत नाही. ‘कापणे’चं ‘कटाई’ होतं, ‘जोडणे’चं ‘जोडकाम’, ‘तापवणे’चं ‘उष्णतानिर्मिती करणारी प्रक्रिया’. क्रियापद गेलं की त्याच्यासोबत काळ जातो आणि कर्ताही जातो. ‘दक्षता घेण्यात यावी’: कुणी? मालकाने, मुकादमाने, की कटर धरणाऱ्याने? ‘योग्य ती’: म्हणजे कुठली? ते ठाऊक असणाऱ्याला फलकाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला ते कळत नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने परिभाषा घडवली, तेव्हा न्यायालयात आणि मंत्रालयात इंग्रजीच्या जागी मराठी उभी करायची होती. ते काम मोठं होतं आणि त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण ती मराठी अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला लिहायची मराठी होती. तीच उचलून यंत्राशेजारच्या भिंतीवर लावली, की लिहिणारा सुटतो आणि वाचणारा अडकतो.

तुळिंजमध्ये याला आणखी एक पदर आहे. फलक वाचणारा माणूस बहुधा जौनपूरचा किंवा गोरखपूरचा असतो. त्याला देवनागरी येते, म्हणून मराठी फलक त्याला वाचता येतो, आणि इथेच घोटाळा होतो. अजिबात न वाचता येणारी लिपी असती तर त्याने कुणाला तरी विचारलं असतं. ‘दक्षता’ हा शब्द हिंदीत आहे, पण तिथे त्याचा अर्थ कौशल्य, कार्यक्षमता. म्हणजे कापण्यापूर्वी कौशल्य घ्यावं, असं काहीसं त्याच्या हाती लागतं. ‘सदर’ त्याला बाजारावरून ठाऊक. उलट बाजूनेही तेच. गाळ्यात सगळे जण ‘खाली ड्रम’ म्हणतात म्हणून कुणी फलकावर तसंच लिहिलं, तर मराठी वाचणारा तो ड्रम खाली कुठे आहे ते शोधेल. कारखाने कायद्याचं कलम १०८ सांगत होतं, की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात. त्या कलमाने शब्द ‘समजेल’ असा वापरला. आपण तो ‘राज्याची भाषा’ असा वाचला.

आता पुनर्लेखन. पहिला प्रयत्न कुणीही करील तो:

‘रिकामे ड्रम कापू नका.’

चार शब्द, आणि जोडाक्षर एकच, ‘ड्रम’मधलं. इंग्रजीत मजकूर सोपा आहे का ते मोजायची सूत्रं आहेत, ती वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चार मोजतात. मराठीला ती लागू करू नयेत. आपल्याकडे अडखळायला होतं ते जोडाक्षरांवर आणि प्रत्ययांच्या माळेवर. ‘ज्वालाग्राही’त दोन जोडाक्षरं आहेत, ‘पूर्वपरवानगीशिवाय’मध्ये एका शब्दात तीन शब्द आहेत. अक्षर लावत वाचणारा शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतो. त्या कसोटीवर हे चार शब्द उत्तम उतरतात. तरी ही सूचना वाईट आहे.

एक कारण वर आलंच: ‘रिकामे’ तसंच राहिलं. दुसरं कारण असं, की भंगारवाल्याचा धंदाच रिकामे ड्रम कापण्याचा आहे. साबणाच्या पाण्याचे, गुळाच्या काकवीचे ड्रम तो रोज कापतो आणि काही होत नाही. जी सूचना रोज मोडूनही काही होत नाही, ती तिसऱ्या दिवशी भिंतीचा रंग होते. ड्रमवरच्या लाल चौकटीतल्या ज्वाळेच्या चित्राचं हेच झालं आहे. नालासोपाऱ्यात पाणी साठवायला असलेच जुने ड्रम खोल्यांबाहेर उभे असतात, आणि त्यांपैकी काहींच्या अंगावर ती ज्वाळा अजून चिकटलेली असते. ज्या चित्राशेजारून रोज हंडा भरून नेला, ते चित्र गाळ्यात गेल्यावर अचानक भीती कशी घालणार?

तिसरं कारण मराठीच्या रचनेचं आहे आणि ते मला सगळ्यात रंजक वाटतं. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘रिकामे ड्रम कापू’ इथपर्यंत वाक्य उलट्या दिशेने चाललेलं असतं आणि ‘नका’ येऊन ते फिरवतं. फलकाची उजवी कड गंजली, तिच्यावर कुणी शर्ट अडकवला, किंवा वाचणाऱ्याने तीन शब्दांत अर्थ लागला असं समजून वाचणं सोडलं, तर उरतं ते जवळजवळ आमंत्रण. हिंदीत ‘मत काटो’ म्हणता येतं, तिथे नकार आधी भेटतो. धोक्याच्या चित्रांची परीक्षा घेण्याची अमेरिकेत एक प्रमाणपद्धत आहे. तिच्यात शंभरपैकी पंच्याऐंशी जणांना अर्थ बरोबर कळावा लागतोच, शिवाय नेमका उलटा अर्थ काढणारे पाचापेक्षा जास्त असले तर चित्र नापास होतं. न कळणं आणि उलटं कळणं यांत तिने केलेला हा भेद आपल्या वाक्यांनाही लावायला हवा. ‘नका’वर संपणारं वाक्य त्या दुसऱ्या अटीत कच्चं आहे.

दुसरा प्रयत्न कायद्याच्या जवळ जाऊन करू: ‘ज्या ड्रममध्ये थिनर होतं, तो ड्रम कापू नका.’ इथे ‘होतं’ परत आलं आणि वाक्याचा जीव परत आला. ‘ज्वालाग्राही द्रवपदार्थ’ जाऊन थिनर आलं, जे हातात घेतलेलं, हुंगलेलं, हातावर चोळून रंग काढलेलं असतं. ‘पिंप’ जाऊन ‘ड्रम’ आलं. पिंप हा शब्द मला आवडतो, पण तो गाळ्यात कुणी उच्चारत नाही. जो-तोची रचना कानाला सोपी असली तरी डोळ्याला लांब पडते, आणि ‘नका’ अजून शेवटीच आहे. शिवाय का कापायचा नाही, ते यात नाही. ज्याला कमी वाचता येतं त्याला कारण नको, फक्त हुकूम हवा, अशी एक समजूत आहे. ती मला अपमानकारक वाटते, आणि ती व्यवहारातही चुकते. कटर चालवणाऱ्याला पोलाद कधी लाल होतं, ऑक्सिजन किती सोडायचा, हे सगळं कळतं. कारण कळलं तर तो फलकावर न लिहिलेल्या ड्रमलाही ओळखेल.

पण कारण सांगायचं कुठल्या शब्दात? शास्त्रशुद्ध शब्द ‘वाफ’. मराठी कानाला वाफ म्हणजे चहावरची, भाताच्या पातेल्यातली. ती दिसते, निववता येते, आणि तिच्याने कुणी पेटत नाही. झाकण काढलं की ती निघून जाते. टोल्युइनच्या वाफेचं सगळंच उलटं आहे. ती दिसत नाही, पेटते, आणि हवेपेक्षा तिप्पट जड असल्याने बूच उघडं ठेवलं तरी तळाशी बसून राहते. म्हणजे खरा शब्द खोटं चित्र उभं करतो. ‘गॅस’ म्हटलं तर रसायनशास्त्राचा शिक्षक हरकत घेईल, कारण ही वाफ आहे, वायू नव्हे. पण ‘आत गॅस आहे’ हे ऐकून तुळिंजच्या कुठल्याही खोलीतला माणूस काय करतो? काडी ओढत नाही, दिव्याचं बटण दाबत नाही. सिलिंडरने ते शिक्षण घरोघर दिलेलं आहे. शब्द तांत्रिकदृष्ट्या चुकलेला आणि कृती बरोबर घडवणारा, असं असेल तर मी ‘गॅस’ ठेवीन, आणि शिक्षकांची माफी मागणार नाही.

‘वास घेऊन पाहा’ असं सुचवण्याचा मोह होतो, तो मात्र आवरायला हवा. वास आला तर धोका आहे हे खरं. पण वास नाही म्हणजे धोका नाही, हे खरं नाही. दिवसभर थिनरमध्ये वावरलेलं नाक बोथट होतं. शिवाय जड तेल, राळ, वाळलेला रंग यांना थंडपणी फारसा वासच नसतो. ज्योत लागल्यावर ते तापून वाफ सोडतात आणि मग तीच ज्योत त्यांना पेटवते. नाकाची कसोटी दिली तर असे ड्रम तिच्यात पास होतील.

हे सगळं धरून माझा तिसरा मसुदा असा आहे:

थांबा!
ड्रममध्ये आधी काय होतं?
थिनर, रंग, तेल, केमिकल: आत गॅस आहे.
कटर लावला की ड्रम फुटतो.
तो ड्रम बाजूला ठेवा.

आणि शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात:

रुको!
ड्रम में पहले क्या था?
थिनर, रंग, तेल, केमिकल: अंदर गैस है।
कटर लगाया तो ड्रम फटेगा।
वह ड्रम अलग रखो।

मसुद्यात कुठेही नकार नाही. कुठलीही एक ओळ झाकली गेली तरी उरलेल्या ओळी उलटा अर्थ देत नाहीत. दुसरी ओळ प्रश्न आहे, ती मुद्दाम. कलम ३७मधला ‘होता’ मला कामगाराच्या तोंडी द्यायचा होता, आणि प्रश्न हा तो द्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट, आणि ओळ जिथे मोडते तिथे अर्थही पुरा होतो. ‘कटर लावला की फुटतो’ हे थोडं जास्तच ठाम आहे, कारण दर वेळी फुटत नाही. पण ‘फुटू शकतो’ लिहिलं की ‘शकतो’मध्ये प्रत्येक जण स्वतःला वगळतो.

एका गाळ्यात मी हा मसुदा एका कटरवाल्या भैयांना दाखवला. त्यांनी हिंदी भाग हळूहळू, बोट फिरवत, मोठ्याने वाचला. समजलं का, असं मी विचारलं नाही. त्या प्रश्नाला कामाच्या जागी ‘हां’ हे एकच उत्तर असतं. समोरच्या ढिगातल्या एका ड्रमकडे बोट दाखवून विचारलं, ‘इसका क्या करोगे?’ त्यांनी ड्रम हलवला, बुचातून आत पाहिलं आणि म्हणाले, ‘इसमें तो कुछ है ही नहीं.’ मग फलकाकडे पाहिलं, आणि ‘पहले क्या था, वो तो मालिक जाने.’

त्या उत्तराने मसुदा पुरता उघडा पडला. प्रश्न कळला होता, तो योग्य माणसाला विचारलेला नव्हता. ड्रमवरचं लेबल गंजलेलं किंवा खरवडलेलं असतं, किंवा इंग्रजीत असतं. ड्रमचा इतिहास ठाऊक असतो तो रंगाच्या कारखान्याला, ज्याने तो विकला. म्हणजे ‘आधी काय होतं’ हे भिंतीवर विचारून भागत नाही, ड्रमच्या अंगावर लिहून यायला हवं. २०१६च्या नियमांत यासाठी लेबल आहे: झळझळीत पिवळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. पण घातक कचरा म्हणून अधिकृत वाटेने गेलेल्या ड्रमला ते लागतं, टेम्पोत टाकून रोखीने विकलेल्याला नाही. विकताना कुणी पांढऱ्या ऑइलपेंटने अंगावर ‘थिनर होतं’ एवढे दोन शब्द रंगवले, तरी माझ्या पाच ओळींपेक्षा जास्त काम होईल. आणि काही लिहिलेलं नसेल, तर उत्तर काय? मसुद्यात एक ओळ वाढवावी लागली: ‘माहीत नाही? मग गॅस आहेच समजा.’

इथून जवळच, सोपाऱ्यात, आपल्या भागातला सगळ्यात जुना सार्वजनिक फलक सापडला आहे. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली मिळाला, नवव्याचा १९५६मध्ये भुईगावला. ते लेख संस्कृतात नाहीत, प्राकृतात आहेत. ओरिसातल्या धौली आणि जौगडच्या लेखांत तर अशी आज्ञा आहे, की ठरावीक नक्षत्राच्या दिवशी ते वाचून दाखवावेत, ऐकायला एकच माणूस असला तरी. बहुतेकांना वाचता येत नाही हे गृहीत धरून लिहिलेला मजकूर तो. आमच्या फलकांनी यातली वाचून दाखवण्याची अर्धी गोष्टही घेतलेली नाही. भिंतीवर लागलं की सांगून झालं, असं धरलं जातं.

आणि याच ठिकाणी सोप्या सूचनेचा एक धोका आहे, तो तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी लपवू नये. अवघड फलक कुणी वाचला नाही, तर दोष फलकाला देता येतो. सोपा फलक लागला, की उद्या ड्रम फुटल्यावर पंचनाम्यात लिहिता येईल: सूचना होती, दोन भाषांत होती, कामगाराने दुर्लक्ष केलं. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड मानतात. धोका मुळात येऊ न देणं वर, मग यंत्राची-जागेची रचना, आणि सूचना, प्रशिक्षण वगैरे जवळजवळ तळाला. थिनरचे ड्रम भंगारात न येता अधिकृत धुणाऱ्याकडे जाणं हा वरचा उपाय. कापायचेच असतील तर आधी धुऊन, वाफारा देऊन, किंवा पाण्याने जवळजवळ भरून मग कापणं हा मधला. फलक तळाचा. आणि कायद्याचा हात तर चार माणसांच्या गाळ्यापर्यंत पोहोचतच नाही. १९४८चा कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांपासून लागू होत होता, २०२०च्या संहितेने तो आकडा वीसवर नेला.

म्हणून मसुद्याच्या शेवटच्या ओळीवर मी अजून अडलेलो आहे. ‘तो ड्रम बाजूला ठेवा.’ भाषा म्हणून तिच्यात खोट नाही. पण दहा बाय वीसच्या गाळ्यात बाजू कुठे आहे? ती ओळ खरी करायची तर मालकाला जमिनीवर पिवळा पट्टा मारून चार ड्रमांची जागा सोडावी लागेल, तेवढा माल न कापता पडून राहील, आणि किलोमागे मजुरी ठरलेल्या कटरवाल्याला त्या चार ड्रमांचे पैसे कोण देणार, ते बोलावं लागेल. ते ठरलं तर ती ओळ तशीच राहू द्यावी. ठरलं नाही, तर तिच्या जागी काय लिहायचं ते मला सुचलेलं नाही, आणि तोवर तो फलक लावू नये असं मी त्या गाळ्याच्या मालकांना सांगून आलो आहे.